ताळा नेमका कशाशी जुळवायचा?

*मी दहावीत आहे, चोपडा तालुक्यातल्या एका गावात राहते. दर शनिवारी बीजगणिताची दहा प्रश्नांची वर्कशीट मिळते, मागे उत्तरं छापलेली नसतात. गावात शिकवणी नाही, आणि घरात दहावीचं गणित कुणाला येत नाही. उत्तर बरोबर आहे का हे पाहायला मी प्रत्येक गणित दुसऱ्यांदा सोडवते. दोन्ही वेळा तेच उत्तर येतं, तरी सोमवारी सर तपासतात तेव्हा तीन-चार चुकलेली निघतात. सरांशिवाय, घरच्या घरी चूक कशी पकडायची?*
*– एक विद्यार्थिनी*

गणित दुसऱ्यांदा सोडवणं आधी बंद कर. बिघडलेल्या काट्यावर कापसाची गाडी दोनदा चढवली तरी वजन तेच भरणार. पहिल्या वेळी कंस सोडवताना जिथे चिन्ह चुकलं, तिथेच दुसऱ्या वेळीही हात घसरतो. सवय तीच असते, आणि आधीची ओळ डोळ्यासमोर असली की मन तिला होकार देऊन पुढे जातं. ताळ्याची वाट वेगळी हवी. सोडवताना तू प्रश्नाकडून उत्तराकडे जातेस. ताळा पाहताना उत्तर हातात घेऊन प्रश्नाकडे यायचं.

हे तुलाही ठाऊक असणार, कारण ‘किंमत ठेवून पडताळा घ्या’ हे पुस्तकातच असतं. अडचण असते ती किंमत कुठे ठेवायची इथे. म्हणून एक गणित घेऊ आणि ते मुद्दाम चुकवू.

३ किलो वांगी आणि २ किलो बोरं मिळून २०० रुपये झाले. ५ किलो वांग्यांची किंमत २ किलो बोरांच्या किमतीपेक्षा ४० रुपयांनी जास्त आहे. दोन्हींचा किलोचा भाव काढा.

वांग्यांचा भाव x आणि बोरांचा y धरला, तर समीकरणं अशी होतात:

३x + २y = २०० …(१)
५x − २y = ४० …(२)

बेरीज केली की y जातो. आता समज, घाईत डावीकडे बेरीज झाली आणि उजवीकडे वजाबाकी. मग ८x = १६०, म्हणून x = २०. ही किंमत (१) मध्ये ठेवली की ६० + २y = २००, म्हणून y = ७०. वांगी २० रुपये, बोरं ७० रुपये. भाव पटण्यासारखे आहेत, अपूर्णांकही नाही. बाजारात असे भाव कुणी सांगितले तर आपण मान डोलावू.

पडताळा घेताना बहुतेक जण समीकरण (१) घेतात, कारण ते वर असतं आणि त्यात वजाबाकी नसते. ३ × २० + २ × ७० = ६० + १४० = २००. जुळलं! बरोबरची खूण करून पुढचं गणित. पण हे जुळणारच होतं. y ची किंमत तू समीकरण (१) मधूनच काढलीस, म्हणजे x काहीही आला असता तरी (१) जुळलंच असतं. चुकून x = १० आला असता तर y = ८५ मिळाला असता, आणि ३० + १७० पुन्हा २००. हा ताळा फक्त शेवटची पायरी तपासतो, x बरोबर आहे की नाही हे त्याला कळत नाही. म्हणून नियम असा: दुसरी किंमत ज्या समीकरणातून काढली ते सोडून *दुसऱ्या* समीकरणात दोन्ही किमती ठेवायच्या.

समीकरण (२) मध्ये ठेवून पाहा: ५ × २० − २ × ७० = १०० − १४० = −४०. हवे होते ४०. चूक पकडली गेली, शिवाय तिने आपला पत्ताही दिला. आकडा तोच आणि चिन्ह उलटं असेल, तर बहुतेक वेळा कुठेतरी बेरजेच्या जागी वजाबाकी झालेली असते किंवा पदांची अदलाबदल झालेली असते. फरक दुप्पट निघाला, दहापट निघाला, किंवा प्रश्नातल्याच एखाद्या आकड्याएवढा निघाला, तर तो आकडा धरून वर शोधत जायचं.

यापुढची चूक जास्त लबाड आहे. समज, बेरीज-वजाबाकी नीट केलीस, पण प्रश्न वाचताना ‘वांग्यांची किंमत जास्त’ ऐवजी बोरांची जास्त असं डोक्यात बसलं. मग दुसरं समीकरण झालं २y − ५x = ४०. हे (१) मधून वजा केलं की ८x = १६०, x = २०, y = ७०. उत्तर पुन्हा तेच चुकीचं! आता दोन्ही समीकरणांत ठेवून पाहा. ६० + १४० = २००, जुळलं. १४० − १०० = ४०, हेही जुळलं. समीकरणं तूच लिहिलेली आहेत. तीच चुकीची असतील तर त्यांच्याशी जुळून काय उपयोग?

म्हणून शाब्दिक गणिताचा पडताळा समीकरणात घ्यायचाच नाही, प्रश्नाच्या वाक्यात घ्यायचा. वहीवर हात ठेव, वर्कशीट समोर धर आणि आकडे घालून वाक्य मोठ्याने वाच. “५ किलो वांगी, वीस रुपयांनी, शंभर रुपये. २ किलो बोरं, सत्तरने, एकशे चाळीस. वांगी बोरांपेक्षा चाळीसने जास्त?” नाही, चाळीसने कमी. कानाला लगेच कळतं. खरं उत्तर वांगी ३० आणि बोरं ५५. ९० + ११० = २००, आणि १५० हे ११० पेक्षा ४० ने जास्त. दोन्ही वाक्यं खरी ठरली. वयांची, अंकांच्या अदलाबदलीची, नावेच्या वेगाची गणितं अशीच तपासायची, x आणि y ला हात न लावता. परीक्षेत वेळ कमी पडला तर बाकीचे ताळे सोड, पण हा सोडू नकोस.

ताळा जुळला नाही तर पुढे काय, हे सहसा कुणी सांगत नाही. मग मुलं सगळं गणित खोडून पहिल्यापासून मांडतात आणि दहा मिनिटं घालवतात. त्याची गरज नाही. चुकीचं उत्तरच चुकीची ओळ दाखवू शकतं. हे उदाहरण पाहा:

३(२x − ५) − २(x − ४) = १३ …(अ)
६x − १५ − २x − ८ = १३ …(आ)
४x − २३ = १३ …(इ)
४x = ३६ …(ई)
x = ९

x = ९ मूळ समीकरणात ठेव. पहिला कंस १८ − ५ = १३, त्याची तिप्पट ३९. दुसरा कंस ९ − ४ = ५, त्याची दुप्पट १०. ३९ − १० = २९, हवे होते १३. उत्तर चुकलं. आता तीच ९ ही किंमत खालून वर एकेका ओळीत ठेवत जा. (ई) मध्ये ३६ = ३६, जुळतं. (इ) मध्ये ३६ − २३ = १३, जुळतं. (आ) मध्ये ५४ − १५ − १८ − ८ = १३, हेही जुळतं. (अ) मध्ये मात्र २९. जुळणारी शेवटची ओळ (आ) आणि न जुळणारी पहिली ओळ (अ), म्हणजे चूक या दोहोंच्या मध्येच आहे. तेवढीच पायरी डोळे ताणून पाहायची: −२ ने −४ ला गुणलं की +८ येतात, तू −८ लिहिलेत. ओळ सुधारली की ४x − ७ = १३, म्हणून x = ५. मूळ समीकरणात ३ × ५ − २ × १ = १३. झालं.

हे असं का होतं, तेही समजून घे. चुकीच्या पायरीनंतरचं सगळं तू बरोबर सोडवलेलं असतंस, त्यामुळे खालच्या ओळींना ९ हेच उत्तर मान्य असतं. त्या पायरीच्या वरच्या ओळींना ते मान्य नसतं. एका गणितात दोन चुका असतील तर ही रीत आधी खालची चूक दाखवते. ती सुधारायची, नवीन उत्तर काढायचं, पुन्हा तळापासून वर चढायचं. एकच काळजी घे: ओळी गाळायच्या नाहीत. तीन पायऱ्या मनात करून एकच ओळ लिहिलीस, तर चूक त्या तिन्हींत कुठे दडली हे कळायला मार्ग उरत नाही.

किंमत ठेवण्याला एक मर्यादा आहे. दिलेलं उत्तर चालतं का, एवढंच ती सांगते. एखादं उत्तर हरवलं असेल तर ती गप्प बसते. x² = ५x यात दोन्ही बाजूंना x ने भागलंस आणि x = ५ लिहिलंस. पडताळा: २५ = २५. पण x = ० हेही उत्तर आहे आणि ते भागाकारात गेलं. म्हणून वर्गसमीकरणात आधी उत्तरं मोजायची, दोन आहेत ना? मग मुळांची बेरीज आणि गुणाकार पाहायचा. ax² + bx + c = ० मध्ये मुळांची बेरीज −b/a आणि गुणाकार c/a येतो, हे तुमच्या पुस्तकात आहेच. २x² − ५x − ३ = ० ची मुळं ३ आणि −१/२ काढलीस, तर बेरीज २ पूर्णांक १/२ म्हणजे ५/२, गुणाकार −३/२. दोन्ही जुळतात. −१/२ चा वर्ग करून दोनने गुणत बसण्यापेक्षा हे लवकर होतं आणि चुकायला जागाही कमी. आणि प्रश्न शाब्दिक असेल तर शेवटी पुन्हा वाक्याकडे ये. शेताची लांबी किंवा मुलांची संख्या ऋण निघाली, तर ती किंमत समीकरणात बसत असली तरी प्रश्नाचं उत्तर नाही.

अवयवांचं गणित असेल तर x ची किंमत काढायची नसते, तेव्हा ‘ठेवायचं काय?’ असा प्रश्न पडतो. तिथे आपल्या मनाने एक संख्या निवडायची. x² − x − १२ चे अवयव तू (x + ४)(x − ३) लिहिलेस. x = ० ठेवलास तर मूळ राशी −१२ आणि अवयवांचा गुणाकारही −१२. फसलीस, कारण शून्य ठेवलं की फक्त शेवटची संख्या तपासली जाते, मधलं पद नाहीसं होतं. १ ठेवलास तर x, x² आणि x³ यांत काही फरकच राहत नाही, घातांकाची चूक लपते. २ किंवा ३ ठेव. x = २ ला मूळ राशी ४ − २ − १२ = −१०, तुझे अवयव ६ × (−१) = −६. चूक उघडी पडली. खरे अवयव (x − ४)(x + ३): −२ × ५ = −१०. एका संख्येवर चुकून जुळणं शक्य असतं. शंका राहिली तर दुसरी संख्या घे, किंवा सरळ कंस गुणून मूळ राशी परत मिळव.

आता अशा गणितांकडे येऊ जिथे समीकरणच नसतं, म्हणजे टक्केवारी, जीएसटी, सरासरी, भागाकार. इथे अंदाज आणि उलट क्रिया दोन्ही लागतात, आणि दोघांची कामं वेगळी आहेत.

४,८५० रुपयांच्या वस्तूवर १८ टक्के जीएसटी काढायचा आहे. आकडेमोड सुरू करण्याआधी समासात पेन्सिलने दोन कुंपणं लिही: १० टक्के म्हणजे ४८५, २० टक्के म्हणजे ९७०. उत्तर या दोहोंच्या मध्ये आणि ९७० च्या जवळ हवं. आता ८७.३० किंवा ८,७३० आलं तर दशांशचिन्ह सरकलंय हे तिथल्या तिथे दिसेल. अंदाज *आधी* लिहायचा, हे महत्त्वाचं. उत्तर पाहून केलेला अंदाज उत्तराच्या बाजूने झुकतो. ‘साधारण एवढंच यायला हवं होतं’ असं म्हणायला मन तयारच असतं.

पण उत्तर ८७३ ऐवजी ८३७ लिहिलं गेलं, तर अंदाज काही बोलणार नाही. तेही कुंपणाच्या आतच आहे. ते काम उलट क्रियेचं. १०० ने गुण आणि १८ ने भाग. ८३७ वरून ४,६५० येतात, ८७३ वरून ४,८५०. म्हणजे मोठी चूक अंदाजाने पकडायची आणि बारीक चूक उलट क्रियेने. एकानेच काम होईल असं समजू नकोस.

उलट क्रिया करताना मात्र खरी उलट क्रिया कोणती हे नीट ठरवावं लागतं. अर्थनियोजनाच्या प्रकरणात सगळ्यात जास्त मुलं घसरतात ती इथे. प्रश्न असा: जीएसटीसह किंमत ५,७२३ रुपये, दर १८ टक्के, मूळ किंमत काढा. मुलं ५,७२३ चे १८ टक्के काढतात, १,०३०.१४ रुपये, आणि वजा करून ४,६९२.८६ लिहितात. दिसायला ठीक, अंदाजातही बसतं. पण १८ टक्के मिळवण्याची उलट क्रिया १८ टक्के वजा करणं ही नाही. मिळवताना टक्के मूळ किमतीवर काढले होते, वजा करताना तू ते वाढलेल्या किमतीवर काढलेस. ताळा लावून पाहा: ४,६९२.८६ मध्ये त्याचेच १८ टक्के मिळवले तर साधारण ५,५३७.५७ होतात, ५,७२३ होत नाहीत. जवळजवळ १८५ रुपये कमी पडले. मूळ किमतीला १.१८ ने गुणून एकूण किंमत आली होती, म्हणून परत जाताना १.१८ ने भागायचं: ५,७२३ × १०० ÷ ११८ = ४,८५०. टक्केवारीच्या कोणत्याही उलट प्रश्नात ताळा नेहमी सरळ दिशेने घ्यावा: मिळालेल्या मूळ किमतीपासून निघून प्रश्नातल्या एकूण किमतीपर्यंत.

भागाकाराचा ताळा सोपा आहे: भाजक × भागाकार + बाकी = भाज्य. ७,३२६ ÷ २४ मध्ये मधला शून्य राहून ३५ लिहिलं जातं, बाकी ६. २४ × ३५ + ६ = ८४६, कुठे सात हजार आणि कुठे आठशे! बरोबर भागाकार ३०५: ७,३२० + ६. बाकी भाजकापेक्षा लहान आहे ना, तेही पाहायचं. बाकी २४ किंवा जास्त असेल तर वरचा बेरजेचा ताळा जुळला तरी भागाकार अपुरा आहे.

घरातल्या मोठ्यांपैकी कुणी गुणाकाराला ‘नवाचा ताळा’ शिकवला तर जरूर शीक, झटपट होतो. प्रत्येक संख्येतल्या अंकांची बेरीज एका अंकापर्यंत आणायची. ४८ चे १२, मग ३. ३७ चे १०, मग १. गुणाकार ३. आता ४८ × ३७ = १,७७६, अंकांची बेरीज २१, मग ३. जुळलं. पण १,७६७ लिहिलंस तरी तो जुळतोच, कारण अंक तेच राहतात, फक्त जागा बदलतात. जागेची अदलाबदल आणि जास्तीचा शून्य त्याला दिसत नाही. न जुळला तर चूक नक्की, जुळला तर बरोबर असेलच असं नाही.

सरासरी आणि संभाव्यतेला फार वेळ देऊ नकोस. सरासरी सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या निरीक्षणाच्या मध्ये हवी, संभाव्यता ० ते १ मध्ये. बाहेर गेली तर चूक. आत असेल तर सरासरीला एकूण संख्येने गुणून बेरीज परत येते का पाहा.

शनिवार-रविवारची मांडणी अशी ठेव. शनिवारी वर्कशीट हातात आली की सोडवण्याआधी प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलने एक अक्षर लिही: किंमत ठेवून तपासता येईल तिथे ‘ठ’, उलट क्रियेने तपासता येईल तिथे ‘उ’, आणि आकडेमोडीच्या प्रत्येक प्रश्नाला समासात अंदाजाचं कुंपण. दहा प्रश्नांना पाच मिनिटं पुरतात. मग गणितं सोडव, पण त्याच बैठकीत ताळा नको. डोळा शिळ्या ओळींना सरावलेला असतो. लाईट असो-नसो, रविवारी सकाळी ताजं डोकं असताना ताळ्याला बस.

ताळा वेगळ्या पानावर घ्यायचा, सोडवलेलं पान झाकून. फक्त अंतिम उत्तरं एका कागदावर उतरवून घे, आणि वर्कशीट समोर ठेव. शेवटच्या प्रश्नापासून सुरू कर, कारण दहाव्या प्रश्नापर्यंत येता येता शनिवारीही तू दमलेली असतेस आणि चुका तिकडेच जास्त सापडतात. एका प्रश्नाच्या ताळ्याला दोन-तीन मिनिटं, म्हणजे अख्ख्या वर्कशीटला अर्धा तास धर. जुळला त्याला ‘ता’ लिही. न जुळला त्याच्यावर वर सांगितल्याप्रमाणे खालून वर चढ. चुकलेली ओळ खोडू नकोस, तिच्याखाली रेघ मार आणि शेजारी कारण लिही, तेही नेमकं: ‘कंसाबाहेर वजा, आतलं चिन्ह बदललं नाही’. ‘घाई झाली’ हे कारण धरू नकोस, त्याने पुढच्या वेळी कुठे थांबायचं हे कळत नाही. चार वर्कशीट झाल्या की ही कारणं एकाखाली एक वाच. तेच कारण तीनदा आलं असेल, तर त्या प्रकारच्या पायरीला पुढच्या वेळी सोडवतानाच थांब आणि तेवढी एक ओळ तिथल्या तिथे तपास.

कधी कधी दोनदा शोधूनही चूक सापडत नाही आणि उत्तर साडेसात मुलं असं काहीतरी येतं. वाक्य पुन्हा वाच, आकडा उतरवताना २३ चे ३२ झालेत का पाहा. तेही बरोबर असेल तर प्रश्नच चुकीचा छापलेला असू शकतो. गाइडमधल्या छापील उत्तरांचंही तसंच. तुझं उत्तर वाक्यात बसत असेल आणि गाइडचं बसत नसेल, तर स्वतःचं खोडू नकोस.

सिद्धता, रचना, आलेख, किंवा पाच ओळींत कारणं मागणारे प्रश्न या रीतीने पूर्ण तपासता येत नाहीत. तिथे उत्तराचा आकडा जुळला तरी मधली कारणं बरोबर आहेत की नाहीत हे कळत नाही. अशा प्रश्नांपुढे ‘?’ कर. सोमवारी सरांकडे सगळी वर्कशीट घेऊन ‘तपासा’ म्हणण्याऐवजी एवढेच प्रश्न दाखव. चुकीची ओळ सापडूनही कारण कळलं नाही असं गणित असेल, तर तेही ने आणि बोट ओळीवर ठेवून विचार: “सर, x = ९ ठेवलं की खालून या ओळीपर्यंत जुळतं, तिच्या वरच्या ओळीत जुळत नाही. इथे माझं काय चुकलं?”